मेला बोटीवर

गुरुप्रसाद शिवलकरांच्या कानांवर विधात्याने अन्याय केला, असं म्हणता येणार नाही. तो त्यांनी नोकरी म्हणून आपखुशीने पत्करला होता. बावीस वर्षं ते रत्नागिरीच्या एका दैनिकात उपसंपादक होते. दैनिक बंद पडलं, आणि पन्नाशीच्या माणसाला मथळे देण्यापलीकडे काही येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून वर चढून चॅनेलवाला झालेल्या विनोदने त्यांना माडीवर बोलावलं, खुर्ची दिली आणि कानाला हेडफोन लावला. तेव्हापासून तो कानांवरून फक्त जेवायला उतरत असे.

चॅनेलचं नाव ‘सड्यावरून’. कोकणातल्या माणसांच्या दोन-दोन तासांच्या मुलाखती घ्यायच्या. त्या पूर्ण कोणी बघत नाही, म्हणून त्यातून पाऊण-पाऊण मिनिटाचे तुकडे काढायचे आणि त्या तुकड्यांच्या जिवावर चॅनेल चालवायचं. दोन तासांतलं कुठलं पाऊण मिनिट जगाला द्यायचं, हे गुरुप्रसादांनी ठरवायचं. तुकड्याला स्वतःचं तोंड हवं आणि स्वतःची शेपटी हवी. आधी काय झालं हे ठाऊक नसलेल्यालाही तो कळायला हवा. पहिल्या तीन सेकंदांत अंगठा थांबला नाही तर पुढचं सगळं पाण्यात. मग पडद्यावर यायची अक्षरं: एका वेळी दोन ओळी, ओळीत पाच-सहा शब्द, दोनदा वाचून होतील इतका वेळ. फार खाली नाही, तिथे चॅनेलचं नाव येतं; फार उजवीकडे नाही, तिथे बदामाचं बटण असतं.

“लोक आवाज बंद ठेवूनच बघतात, गुरुभाऊ,” विनोद पहिल्या दिवशी म्हणाला होता. “एसटीत, हापिसात, मयताला. म्हणजे अक्षर हाच आवाज.”

हे वाक्य गुरुप्रसादांना तेव्हा बरं वाटलं होतं. उपसंपादकाला अशा वाक्यांनी फसवता येतं.

मालन नागवेकरांची मुलाखत मार्चमध्ये झाली. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या बाजूला राहणारी सत्तरीची बाई; उभा जन्म खाडीतल्या शिंपल्यांत, कालवं फोडण्यात आणि मुळे वेचण्यात गेलेला. तिने यायला आधी नकार दिला, मग एका अटीवर होकार दिला. अट तिने कॅमेऱ्यासमोर नाही, गुरुप्रसादांना पडवीत बाजूला घेऊन सांगितली.

“माजा बाबल्या बोटीवर असतो. जाताना भांडण झालं. मी बोलले, गेलास तर परत तोंड दाखवू नको. मेल्यानं खरं धरलन. दोन वर्सं घरी नाय, फोन नाय. तो मोबाइलात हे असलं बगतो. ये म्हणून मी सांगणार नाय, सांगून ठेवते. पण त्याला कळलं पायजे. आनि लागेल असं काय घालू नको. बोललेलं त्याला लागतं.”

“नाही घालणार, काकी,” गुरुप्रसाद म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. त्यांच्या बहुतेक चुका मनापासूनच झालेल्या असत.

मुलाखत अडीच तास चालली. बोलणं आपोआप लिहून देणाऱ्या सॉफ्टवेअरला काळबादेवीची भाषा शिकवलेली नव्हती. त्याच्या मते मालनकाकींनी आयुष्यभर कालव्यात काम केलं होतं. ‘मुळे’ हे त्याला कारण वाटलं: ‘पहाटे उठून त्यामुळे वेचायचो.’ तेव्हा गुरुप्रसादांनी तो कागद बाजूला सारला आणि अडीच तास कानांनी ऐकले. कालवांबद्दल उत्तम बोलली होती बाई. ते सगळं मोठ्या मुलाखतीत राहील, म्हणजे कोणी बघणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या तासाच्या अखेरीला तो तुकडा सापडला. विनोदने विचारलं होतं, मुलं काय करतात? काकी हसली, हातातली कोयती बाजूला ठेवली आणि म्हणाली:

“बाबल्या? मेला बोटीवर. दोन वर्सं तोंड दाखवलन नाय. पन कालवं फोडली की पयला वाटा अजून त्याचाच काढते. फ्रीजात ठेवते, येईल मेला आज ना उद्या. नाय आला की शेजारीण खाते.”

गुरुप्रसादांनी डोळे मिटले. हेच ते. बाई ‘ये’ म्हणाली होती आणि म्हणालीही नव्हती. मात्र ‘फ्रीजात’ या शब्दापासून शेजारच्या घरातला कुकर मुलाखतीत सामील झाला होता. तीन शिट्ट्या. पुढचं वाक्य त्या वाफेत गेलं होतं. शिवाय तुकडा ‘त्याचाच काढते’वर तोडला तर पुढे काकीचा नुसता चेहरा येत होता, आणि तो चेहरा कुठल्याही वाक्यापेक्षा चांगला होता. त्यांनी तिथेच तोडायची खूण लिहिली, खाली अक्षरं लिहिली:

बाबल्या? मेला बोटीवर.
दोन वर्षं तोंड दाखवलं नाही.
पण पहिला वाटा
अजून त्याचाच काढते.

मथळा दिला: ‘आईचा पहिला वाटा’. देवरूखची शमिका तुकडे जोडायची. तिने वाचलं आणि “सर, मस्त” म्हणाली. विनोदने ‘इमोशनल ठेव’ असा निरोप धाडला, म्हणून तिने मागे बासरी घातली आणि शेवटी काकीचा चेहरा विरत विरत रिकाम्या होडीत गेला. होडी काळी-पांढरी होती.

तिघेही रत्नागिरी जिल्ह्याचे. तिघांनीही ‘मेला’ वाचताना काकीचा आवाज ऐकला. या भागात कोणाचं तरी आवडतं माणूस ‘मेला’ नाही, असं घर सापडणार नाही. लहानपणी गुरुप्रसाद स्वतः दिवसातून दहादा मेले होते, बहुतेक वेळा जेवायला उशीर केला म्हणून.

नागपूरला, नाशिकला आणि हापिसात आवाज बंद करून बसलेल्या महाराष्ट्राला मात्र फक्त अक्षरं दिसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विनोद जिना चढून आला तो नाचतच. “गुरुभाऊ, चार लाख! आपल्या चॅनेलच्या जन्मात नाय झालं!”

गुरुप्रसादांनी खालचे अभिप्राय उघडले. भावपूर्ण श्रद्धांजली. ओम शांती. त्या माउलीला बळ मिळो. एकाने विचारलं होतं, कंपनीने नुकसानभरपाई दिली का? एकाने हात जोडलेली सोळा चित्रं टाकली होती. गुरुप्रसादांना प्रथम वाटलं, हे दुसऱ्याच कुठल्या तरी व्हिडिओचे अभिप्राय इथे आले. मग त्यांनी आवाज बंद केला आणि स्वतःचीच अक्षरं परक्याच्या डोळ्यांनी वाचली. मेला. बोटीवर. वाटा काढते. रिकामी होडी. मयताला याहून नेटकी जाहिरात त्यांनी बावीस वर्षांत छापली नव्हती.

“विनोद, आपण बाबल्याला मारला.”

“कोण बाबल्या?”

सांगितल्यावर विनोद खाली बसला. पण बसूनही तो चार लाखांकडेच बघत होता. “अक्षरं बदलता येतील?”

“अक्षरं चित्रात भाजली गेलीत. सगळं काढून नवं टाकायचं.”

“म्हणजे परत शून्यापासून. त्यापेक्षा खाली एक ओळ लिहा ना, की मुलगा सुखरूप आहे. वर चिकटवून ठेवू.”

“ओळ कोण वाचतं?”

“श्रद्धांजली लिहितात ते वाचतील.”

“ते वाचत असते तर लिहिली असती का?” गुरुप्रसाद थकून म्हणाले. भांडायला लागणारी ताकद त्यांच्याकडे सकाळी थोडी असे, दुपारी नसे. त्यांनी फोन खिशात टाकला, चष्मा घेतला आणि काळबादेवीची रिक्षा धरली. वाटेत ते अभिप्राय खाली खाली सरकवत राहिले, दुखरा दात जिभेने चाचपावा तसे. आणि पूल ओलांडताना त्यांचा अंगठा थांबला.

नावाच्या जागी नुसतं बी. एन., फोटोच्या जागी माड. लिहिलं होतं: ‘मेला जिवंत आहे. वाटा शेजारणीला दिलास काय?’

त्याखाली तिघांनी त्याला झापलं होतं. ‘एका आईच्या दुःखाची थट्टा करताना लाज वाटत नाही?’

गुरुप्रसादांनी ते पुन्हा वाचलं. शेजारीण तुकड्यात नव्हती. ती कुकराबरोबर कापली गेली होती, आणि मोठी मुलाखत अजून चॅनेलवर गेलीच नव्हती. जगात हे वाक्य लिहू शकेल असं एकच माणूस होतं.

मालनकाकीच्या अंगणात दोन बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. त्या पलीकडच्या वाडीतून आल्या होत्या आणि रिकाम्या हाताने परत जायला तयार नव्हत्या. काकी त्यांना चहा देत होती.

“आलास मेल्या?” गुरुप्रसादांना बघून ती म्हणाली. “लागेल असं घालू नको सांगितलं, तर सरळ पोरालाच मारलास? या बायांना दोनदा सांगितलं जिता आहे, तर म्हनतात धक्का बसलाय हिला.”

“काकी, चुकलं. ऐकताना तुमचा आवाज होता. अक्षरात आवाज राहत नाही.” मग त्यांनी फोन पुढे केला. “पण बाबल्याने लिहिलंय काहीतरी.”

काकीने चहाची किटली खाली ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. “वाच.”

“मेला जिवंत आहे. वाटा शेजारणीला दिलास काय?”

“परत वाच.”

त्यांनी परत वाचलं.

“अरे, पेपर वाचल्यासारखं काय वाचतोस? तो असा बोलत नाय.” आणि मग तिने तेच वाक्य म्हटलं, मान वाकडी करून, ‘काय’वर जरा रेंगाळत, अर्धं रुसून, अर्धं हसून. दारात एक तिशीचा बाप्या उभा राहिल्यासारखं झालं. रडणाऱ्या बायका थांबल्या.

“लिही,” काकी म्हणाली. “म्हनावं, दिला. तू नव्हतास.”

गुरुप्रसादांनी लिहिलं आणि खाली नाव घातलं: आई. मग तिघेचौघे अंगणात बसून राहिले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बोट कुठल्या तरी बंदराला लागलेली असावी, कारण चहा संपता संपता उत्तर आलं.

“काय म्हनतो?”

“बरं.”

“नुसतं बरं?”

“नुसतं बरं.”

“कसं म्हनाला, बरं?”

“काकी, लिहिलंय. म्हणालेला नाही.”

काकीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एवढी शाळा शिकून या माणसाला काही वाचता येत नाही. “येतोय म्हनाला,” तिने बायकांना जाहीर केलं. “आता तो व्हिडिओ काढून टाक. जित्या पोराला हात जोडलेले मला नको.”

“काढला तर हेही जाईल. त्याचं लिहिलेलं.”

“मी ऐकलं ना,” काकी म्हणाली.

संध्याकाळी गुरुप्रसादांनी तो काढला. विनोद तेव्हा खिडकीतून बाहेर बघत उभा होता, स्मशानात उभं राहावं तसा. मग त्यांनी शमिकाला बासरी आणि होडी काढायला लावली, कुकर आत ठेवला, शेजारणीला परत आणलं. ‘मेला’वर अक्षरं घातलीच नाहीत. वर फक्त एक ओळ दिली: आवाज लावून ऐका.

“आवाज लावून कोण ऐकतंय, गुरुभाऊ?” विनोद म्हणाला.

फार कोणी ऐकलं नाही. आठवड्यात सहाशे जण. गुरुप्रसादांनी हेडफोन चढवला आणि राजापूरच्या एका काजूवाल्याचे पावणेतीन तास सुरू केले. काळबादेवीहून एकच तक्रार आली, ती शेजारणीची. दर खेपेला येणारा कालवांचा वाटा या वेळी आलाच नाही, आणि विचारलं तर मालन म्हणते, फ्रीजात राहू दे.