दसऱ्याचा मानाचा बार

परभणीच्या सेशन कोर्टात मी तेव्हा नवा वकील होतो आणि माझं डोकं लय लवकर तापायचं. मानवतकडच्या एका शेतकऱ्यावर खुनाचा आरोप होता. रानडुकरं हाकायला त्यानं परवान्याची ठासणीची बंदूक ठेवलेली. बांधाचा शेजारी छर्रे लागून मेला. कुणी पाहिलं नव्हतं. सगळा खटला प्रयोगशाळेच्या अहवालावर उभा होता. तो टिकला तर माझ्या अशिलाला जन्मठेप.

अहवाल सांगत होता की नळीत बारुदीची काजळी आहे, म्हणजे बंदूक उडालेली आहे. आणि प्रेतातले छर्रे अशा बंदुकीतून सुटू शकतात. मी अर्ज देऊन तज्ज्ञांना उलटतपासणीला बोलावलं. गृहस्थ सरळ निघाले. गुळगुळीत नळीची खूण छर्ऱ्यांवर उमटत नाही, त्यामुळं ते याच बंदुकीतले असं म्हणता येणार नाही, हे त्यांनी लगेच कबूल केलं. बार कधी उडाला हेही सांगता येत नाही म्हणाले. पार्सलचं सील मात्र शाबूत होतं, ठाण्याच्या नमुन्याशी जुळत होतं. तिथं गडी काही केल्या हलेना. मी चिडून विचारलं, मग उघडल्यावर दिसलं तरी काय? ते शांतपणे म्हणाले, दस्त्याला हळदकुंकू लागलेलं होतं.

माझा राग जागच्या जागी विरला.

नंतर ठाण्याचे मुद्देमाल सांभाळणारे हवालदार साक्षीला आले. जप्ती श्रावणातली आणि पार्सल दिवाळीनंतर गेलेलं, एवढा उशीर का, असं मी विचारलं. नामांतराच्या मोर्च्यांचा बंदोबस्त होता, न्यायला माणूस नव्हता, असं ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. मग मी दसऱ्याची गोष्ट काढली, अगदी गोडीनं.

"साहेब, ठाण्यातली सगळी शस्त्रं पूजेला काढतो," ते म्हणाले. "एकटीलाच कसं ठेवायचं? सील काढून पूजा केली, परत लाख लावली. शिक्का आपल्याजवळच हाय."

"आणि पूजेनंतरचा मानाचा बार?" मी अंदाजानं विचारलं.

"तिचाच काढला. हवेत. नुसत्या बारुदीचा."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. हवालदारांना मात्र अजून कळत नव्हतं की आपण काय बोलून गेलो.

काजळी खुनाच्या बाराची की दसऱ्याच्या, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. अशील सुटला. तो माझ्या पाया पडला आणि मी फुशारून गेलो, कशाला लपवू.

पायऱ्यांवर मेलेल्या माणसाची बायको उभी होती. ती भांडली नाही.

"तुमी बरोबरच बोललात, साहेब," ती म्हणाली. "पण माझ्या मालकाला कुणी मारलं, तेवढं सांगा."

मला माहीत नव्हतं. अशिलाला मी ते कधी विचारलंच नव्हतं. मी तिला म्हणालो, बाई, ते आता कोर्टालाही कळायचं नाही. तिनं मान हलवली आणि ती मानवतच्या गाडीची चौकशी करायला लागली.