एक्केचाळीस जण जागच्या जागी

मंजुषा आमच्या शेजारी राहायला आली तेव्हा तिची मुलगी मृण्मयी दुसरीत होती. पहिल्याच आठवड्यात एक दिवस मायलेकी दोघी भर दुपारी अनवाणी रस्त्यावर उभ्या दिसल्या. मी विचारलं, काय झालं? मंजुषा म्हणाली, "काही न्हाई काकू. बोअरची गाडी गेली जणू. भांडी वाजली." आणि दोघी आत गेल्या.

नंतर कळलं, ती किल्लारीची. भूकंपाच्या वेळी नऊ वर्षांची. वडील मलप्पा आणि पाठचे दोन भाऊ दगडाखाली गेले. ही आणि तिची आई पार्वतम्मा तेवढ्या निघाल्या. मंजुषा ते कधी रंगवून सांगत नाही. एकदाच म्हणाली, "बाबा उठले होते. पण खुंटीवरचा सदरा घ्यायला वळले." बस, एवढंच.

म्हणून तिच्या घरात एक नियम. जरा काही हाललं, ताटली वाजली, की हातातलं टाकून बाहेर. वर्षातून चार-पाचदा ती मुद्दाम ओरडून सराव घ्यायची. नवरा उमाशंकर एसटीत कंडक्टर. तो हसायचा. "आमच्या घरात जेवण कधी एका बैठकीत झालंच न्हाई," म्हणायचा. पण तोही उठून बाहेर जायचा.

मंजुषाचं काम मला पुष्कळ दिवस कळलंच नाही. शिकवणीवाल्यांच्या लातुरात तिने आधी एका क्लासमध्ये निकालाचे तक्ते करून दिले. मग अमृतराव नावाच्या माणसाकडे लागली. त्यांचा धंदा म्हणजे ऑनलाइन खेळांचे सर्व्हर चालवायला देणं. पोरं मिळून जो खेळ खेळतात, तो एका मोठ्या संगणकावर चालू असतो. तो संगणक मुंबईत, पोरं जिथं असतील तिथं, आणि त्याची राखण करणारी मंजुषा आमच्या शेजारच्या पुढच्या खोलीत, संगणकाचे दोन पडदे मांडून.

मी एकदा विचारलं, "राखण म्हणजे काय करतीस गं?"

"तीन गोष्टी बघते काकू. एक, सर्व्हर जिवंत हाय का. दर मिनिटाला बाहेरून त्याला हाक जाते. सलग तीनदा ओ आली न्हाई की आमचे सगळ्यांचे फोन वाजतात. दुसरं, त्याला दम किती लागला. म्हणजे प्रोसेसर किती राबतोय, मेमरी किती भरली, नेटवर चढ-उतार किती. त्याच्या ह्या रेघा. आणि तिसरं, खेळाडू किती आत हायत."

"म्हणजे नाडी, श्वास आणि घरातली माणसं."

"हाव, तसंच." ती हसली.

त्या कामात तिचं नाव झालं ते एका गोष्टीमुळे. ती लागली तेव्हा तिथला अलार्म दिवसभर वाजायचा. प्रोसेसर एक क्षण सत्तर टक्क्यांवर गेला की वाजला. मग सगळ्यांनी फोन मुके करून टाकले आणि एकदा सर्व्हर खरंच बंद पडला तेव्हा दीड तास कुणाला पत्ता नाही. मंजुषाने नियम बदलला. सलग पाच मिनिटं वर राहिला तरच वाजेल, उगीच नाही. अमृतराव म्हणाले होते, "सारखी घंटा वाजवली तर देव बी कानात बोटं घालतो. बाईनं शहाणपण केलं."

आता त्या रविवारचं सांगते.

नांदेडला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर खेळाची स्पर्धा होती. एक्केचाळीस पोरं-पोरी, ओळीनं मांडलेले संगणक, सगळे एकाच सर्व्हरवर. खेळात दुसऱ्याला बाद करत जायचं, शेवटी उरेल तो जिंकला. सर्व्हर अमृतरावांचा, राखण मंजुषाची. आणि खेळणाऱ्यांत मृण्मयी. ती नांदेडलाच होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. आईनं एका दिवसाची परवानगी पुष्कळ मिनतवाऱ्या केल्यावर दिली होती.

मी सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन आले होते. मंजुषाला अंगारा द्यायला गेले, ती म्हणाली, बसा. साडेनऊ झाले असतील. एका पडद्यावर रेघा सरकत होत्या, दुसऱ्यावर खेळाची नोंदवही. कुणी कुणाला बाद केलं, कुणी काय बोललं, ते ओळीओळीनं तिथं उमटत होतं. बाद झालेला खेळाडूही आतच राहतो, नुसता बघत, असं तिनं सांगितलं.

बोलता बोलता ती पडद्याकडे वाकली. नेटची रेघ खाली आली होती. प्रोसेसरचीही. एकदम, पायरीवरून उतरावी तशी.

"बंद पडला काय?" मी विचारलं.

"न्हाई. हाकेला ओ येऊन राहिली. हिरवं हाय सगळं. आणि हे बघा, खेळाडू एक्केचाळीस. कुणी गेलं न्हाई."

"मग बरं आहे की."

"बरं कसं? एक्केचाळीस पोरं आत हायत आणि कुणी हलून न्हाई राहिलं. बोलून बी न्हाई राहिलं." तिनं बोट नोंदवहीवर ठेवलं. मघाशी तिथं टिवल्याबावल्यांची रांग लागली होती. आता शांत. "धा मिनिटं कुणी हललं न्हाई तर सर्व्हर आपणहून त्याला बाहेर काढतो. तवर आकडा एक्केचाळीसच दिसणार. अलार्म बी वाजणार न्हाई."

मी पडद्याजवळ सरकले. इतकी पोरं, सगळी उभी.

तिनं स्पर्धा भरवणाऱ्या व्यंकटीला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. स्पीकरवर नुसता गलका.

"ताई, नांदेड हाललं. जोरात हाललं. सगळी पोरं खाली पटांगणात काढलीत."

मंजुषाचा चेहरा मी पाहिला. रक्त उतरतं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. पण आवाज साधाच होता. "सगळी?"

"सगळी जणू. गर्दी लई हाय."

"मृण्मयी दिसली का?"

"असल की ताई, इथंच कुठंतरी…"

आणि तेवढ्यात नोंदवहीत एक ओळ उमटली. मृण्मयीनं कुणाला तरी बाद केलं होतं. लगेच दुसरी ओळ. तिसरी. प्रत्येक ओळीत बाद होणारा वेगळा, बाद करणारी एकच.

"व्यंकटी," मंजुषा म्हणाली, "माझी पोरगी वर हाय. ती खेळून राहिली."

"अहो, कसं शक्य हाय…" फोन तुटला. मग लागलाच नाही. सगळ्या जिल्ह्यानं एकाच वेळी फोन उचलले असणार. मृण्मयीचा फोन तर खेळाआधी टोपलीत जमा करून घेतला होता.

मी म्हटलं, "खेळताना कानावर लावतात त्या हेडफोनमुळे तिला ऐकू आलं नसेल. पण हाललेलं तरी कळायला पाहिजे."

मंजुषाला सर्व्हरवरून थेट खेळात बोलता येत होतं. तिनं टाइप केलं, दोनदा खोडलं. "मृण्मयी, भूकंप. आत्ताच्या आत्ता बाहेर पळ. आई."

आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. मी मनात सिद्धेश्वराचं नाव घेत होते.

उत्तर आलं. तिथंच, त्याच नोंदवहीत.

"आई, पुन्हा? थांब ना जरा. आठच राहिलेत."

मंजुषा खुर्चीत मागे टेकली. जणू कुणी छातीवर हात ठेवून ढकललं. एक क्षणभरच. मग ती पुढे झाली आणि सर्व्हर बंद करायची आज्ञा लिहिली. या वेळी एकही अक्षर खोडलं नाही.

रेघा तुटल्या. खेळाडूंचा आकडा एक्केचाळीसवरून शून्य झाला. नोंदवही थांबली. हिरवा ठिपका अजून हिरवाच होता, कारण हाक अजून जायची होती. तीन मिनिटांनी तो लाल झाला आणि तिचा फोन किंचाळायला लागला. मागोमाग अमृतरावांचा फोन.

"मंजुषाताई, नांदेडचा सर्व्हर पडला."

"पडला न्हाई. मी बंद केला."

"स्पर्धा चालू हाय तिथं."

"माझी पोरगी उठत नव्हती," ती म्हणाली.  मीच फोन घेतला आणि त्यांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "तो चालू करू नका. मी बघतो."

वीस मिनिटं काही कळलं नाही. ती वीस मिनिटं मी सांगू शकत नाही. मंजुषा अंगाऱ्याची पुडी मुठीत धरून बसली होती, ती पुडी नंतर फाटलेली निघाली.

मग व्यंकटीचा फोन आला. मृण्मयी खाली होती, धडधाकट. आणि ती खाली कशी आली, तेही त्यानं सांगितलं. "जिन्यावरून तणतणत आली ताई. मला म्हणती, व्यंकटीदादा, सर्व्हर गेला, आठ जण राहिले होते फक्त. भांडायला आलती माझ्याशी. ती पायरी उतरली न उतरली तोवर दुसरा झटका आला. वरच्या हॉलचं पीओपीचं छत दोन ओळींवर पडलं. तिची खुर्ची त्यातच हाय."

संध्याकाळी उमाशंकर जाऊन पोरीला घेऊन आला. मी डबा घेऊन गेले. मृण्मयी पलंगावर बसली होती, केसांत अजून पांढरी धूळ. आई समोर जमिनीवर.

"तुला हाललेलं कळलं नव्हतं?" मंजुषानं विचारलं.

"कळलं होतं."

उमाशंकरच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"मग?"

"सगळे पळाले. टेबलं हलली. मी पण अर्धी उठले होते." मृण्मयी खाली बघत होती. "मग थांबलं. पडद्यावर सगळे नुसते उभे. एकजण हलत नव्हता. मला वाटलं, आता आपण जिंकतो."

"मी लिहिलं होतं ना."

"तू नेहमीच म्हणतेस आई. बोअरची गाडी गेली तरी म्हणतेस. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा तू मला रस्त्यावर उभं केलंस. मला वाटलं, तुला तिकडं कुणीतरी फोन केला असेल आणि तुझं सुरू झालं." "मधेच वाटलं होतं, उठावं. तू लिहिलंस म्हणूनच मी बसून राहिले."

खोलीत कुणी हललं नाही. मला वाटलं, मंजुषा आता तिला मारेल. माझ्याकडून तर हात उचललाच गेला असता.

ती उठली. पडद्यापाशी गेली. अमृतरावांना घडल्या प्रकाराचा अहवाल त्याच रात्री द्यायचा असतो. सर्व्हर किती वेळ बंद, कुणी बंद केला, कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. पहिल्या तीन रकान्यांत तिनं भराभर लिहिलं. चौथ्याशी थांबली. 

"काकू," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "कामावरचा अलार्म मी नीट केला. घरात सतरा वर्षं रोज वाजवत बसले."

"तू भीतीनं वाजवलास गं."

"हाव. पण तिला खरं कोणतं ते कळायचं कसं?"

तिनं चौथा रकाना कोराच ठेवून तसाच पाठवून दिला. मग येऊन पोरीच्या मागे बसली आणि फणी घेऊन तिच्या केसांतली धूळ काढायला लागली. मृण्मयी रडत होती. मधूनमधून फणी थांबायची आणि मंजुषाचा तळहात पोरीच्या डोक्यावर तसाच ठेवलेला असायचा, डोकं जागेवर आहे का ते बघावं तसा.