आवरलेला हात

दया म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो पुढे झालेला हात. बुडत्याला दिलेला, भुकेल्यासमोर धरलेला, पडलेल्याला उठवणारा. आपल्या साऱ्या स्तुतिवचनांनी त्या पुढे होणाऱ्या हाताचेच पूजन केले आहे. परंतु दयेचे आणखी एक रूप असते, ज्याला ना देऊळ ना आरती. पोटचा जीव डोळ्यांदेखत तडफडत असताना जो हात आवरला जातो, आणि दुसऱ्याचाही हात मागे खेचतो, त्या हातातली दया ओळखणे सोपे नाही. जुन्या जाणत्यांनी धृती नावाचा एक गुण सांगितला आहे. मन सैरभैर होऊन धावत सुटले असता देहाला कर्तव्यावर धरून ठेवणारे बळ, ते धृती. काष्टीच्या शिवारातील एका वस्तीवर हा गुण मनकर्णाबाईंच्या रूपाने नांदत होता. आणि त्यांच्या सुनेने, पंकजाने, त्याला कित्येक दिवस क्रौर्य म्हटले.

पंकजा लग्न होऊन आली तेव्हा तिला नवल वाटले ते सासूच्या बांबूचे. स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीला, पावसाचा शिंतोडाही लागणार नाही अशा जागी, पुरुषभर उंचीचा एक वाळलेला बांबू दोन खुंट्यांवर आडवा ठेवलेला असे. त्याखाली लाकडी पाट. त्या बांबूने कोणी बोरे झोडायची नाहीत, त्या पाटावर कोणी जेवायला बसायचे नाही. शेजारच्या वस्तीवरच्या राहीबाई, नात्याने चुलत जाऊ, येता-जाता टोमणा मारीत. "काय गं मनकर्णे, द्येव्हाऱ्यात द्येव कमी पडले म्हनून बांबू पुजतीस व्हय?"

"पुजत न्हाई, कोरडा ठिवती," मनकर्णाबाई म्हणत, आणि आपल्या कामाला लागत.

कारण रामहरीने, पंकजाच्या नवऱ्याने, तिला सांगितले. मनकर्णाबाईंचे माहेर पाथर्डीकडचे. त्या परकर नेसण्याच्या वयात असताना त्यांचे वडील विहिरीवरच्या मोटारीला चिकटले. थोरला भाऊ ओरडत धावला आणि त्याने बापाला कवेत धरले. मग तोही सुटला नाही. वीज माणसाच्या स्नायूंना आखडवून टाकते. धरलेली वस्तू सोडावी म्हटले तरी मूठ उघडत नाही, आणि धरणाऱ्याच्या देहातून तीच वीज वाट काढते. एका घरातले दोन पुरुष एकाच घटकेला गेले. लहानगी मनकर्णा बांधावर उभी राहून ते पाहत होती. तेव्हापासून विजेच्या बाबतीत त्या कोणाच्याच शहाणपणावर विश्वासत नसत.

पंकजा आल्यावर थोड्या दिवसांनी त्यांनी हट्टाने घरात एक डबी बसवून घेतली. कुठे विजेची गळती झाली तर तिचा खटका आपोआप पडून घरातला पुरवठा बंद होई. गोठ्यात कडबा-कुट्टीचे यंत्र आले, आणि त्याचे बटण दाबताच हा खटका पडू लागला. पुन्हा वर करावा, पुन्हा पडावा. गाई हंबरताहेत, दूध काढायचे आहे, आणि कुट्टी नाही. रामहरी वैतागला. खटका पडतो म्हणजे यंत्रातच काहीतरी गळते आहे, हा त्या डबीचा सांगावा होता. त्याला मात्र ती डबीची खोड वाटली. एके दिवशी त्याने विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून एक वायर काढली, बांधाच्या कडेने आणून गोठ्याच्या मागल्या पत्र्याखालून आत घेतली, आणि कुट्टी तिच्यावर जोडली. यंत्र कसे भरभरून चालले! शेतीची लाईन असेल त्या वेळात कुट्टी करून ठेवायची, एवढेच काय ते.

"आईला सांगू नको हां," तो पंकजाला हसत म्हणाला. "न्हाईतर बांबू घिऊन माझ्याच मागं लागंल."

पंकजाही हसली. नवरा-बायकोत एखादे लहानसे गुपित असावे, त्यात तिला गोडवा वाटला. मनकर्णाबाईंचे गुडघे धरले होते, त्या गोठ्यात फारशा जात नसत. डबीचा खटका पडेनासा झाला, तेव्हा पोराने यंत्र दुरुस्त करून आणले असे त्या समजल्या.

ते श्रावणातले दिवस होते. भुई ओली, गोठ्यात गोमूत्राचा आणि धुण्याच्या पाण्याचा राडा. पंकजा सकाळी ओसरीवर धान्य निवडत होती, तिची लहानगी ज्ञानेश्वरी पाळण्यात होती. गोठ्यातून कुट्टीचा आवाज येत होता. मग एक चमत्कारिक, दबलेला घोगरा आवाज आला, जणू कोणी तोंड मिटून ओरडते आहे. पंकजा धावली. रामहरी यंत्राच्या लोखंडी तोंडाशी वाकला होता, उजवी मूठ चौकटीवर आवळलेली, मान ताठ, डोळे उघडे. यंत्र चालूच होते.

दोन्ही हात पसरून ती त्याच्याकडे झेपावली, आणि मागून तिचा अंबाडा कोणीतरी इतक्या जोराने खेचला की ती उताणी शेणात पडली. मनकर्णाबाई तिच्यावर उभ्या होत्या.

"हात लावू नगं! त्याला हात लावू नगं!"

ती उठून पुन्हा धावली. सासूने तिला पुन्हा पाडले, ओढत उंबऱ्याबाहेर आणले, आणि स्वतः गुडघ्यांची पर्वा न करता ओसरीवरच्या मेन स्विचकडे गेल्या. दांडा खाली ओढला. स्वयंपाकघरातला दिवा गेला, पंखा थांबला. दुसरी कोणी आई असती तर त्या क्षणी लेकाकडे धावली असती. मनकर्णाबाई थांबल्या. त्यांनी कान दिला. कुट्टीचे यंत्र फिरतच होते.

"कारंट कुठनं आलाय?" त्या वळल्या. "पंके, कुठनं आलाय ह्यो?"

पंकजाला ठाऊक होते. सांगायचे एवढेच होते, आणि तेवढेच सांगता येईना. सासूने तिच्या गालावर एक चपराक दिली.

"प्…पेटीतनं. इहिरीवरच्या."

"पळ. वाळकी काठी घिऊन जा, पेटीला हात लावू नगं, काठीनं दांडा खाली वड. पळ!"

पंकजा पळाली. बांधावरून एकदा तिने मागे पाहिले. मनकर्णाबाईंनी बांबू आणि पाट आणला होता. पायांत रबरी चपला. ओल्या भुईवर पाट टाकून त्या त्यावर चढल्या, पदर कमरेला खोचला, आणि लेकाला बोटही न लावता, बांबूचे टोक त्याच्या मनगटाखाली घालून त्या रेटू लागल्या. म्हाताऱ्या देहातले सारे बळ त्या टोकाशी उभे होते. इकडे पंकजाने काठीने पेटीचा दांडा खाली ओढला, तिकडे यंत्र घरघरत थांबले. मूठ त्याच्या थोडी आधी सुटली की नंतर, हे कोणालाच कधी कळले नाही.

आता तो भुईवर आडवा होता, आणि पुरवठा बंद होता. तेव्हा कुठे आईने लेकाला हात लावला. छाती हलत नव्हती. पंकजाने १०८ फिरवला, फोन मोठ्या आवाजावर ठेवला. फोनवरची बाई शांतपणे सांगत होती: उताणा ठेवा, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे, जोरात आणि भरभर दाबा, गाडी येईपर्यंत थांबू नका.

एव्हाना राहीबाई आणि त्यांचा लेक आदिनाथ धावत आले. मागून आणखी चार माणसे. कोणी म्हणाले, तोंडावर पाणी मारा. राहीबाई छाती पिटत होत्या. "आरं, खड्डा खांदा! गळ्यापत्तुर मातीत घाला त्याला, माती कारंट वडून घेती! माझ्या बापाच्या गावात आसंच केलं हुतं!"

दोघे कुदळ आणायला वळलेही.

"मातीत घालायला त्यो आजून म्येला न्हाई," मनकर्णाबाई दाबता दाबता म्हणाल्या. त्यांचा श्वास फुलला होता. "अंगात कारंट उरत न्हाई, जाऊबाई. उरतो त्यो जीव, तेवढा ऱ्हाऊ द्या. आदिनाथ, इकडं ये. माझे हात गळाले. मी दाबती तसंच दाब. थांबलास तर बघ."

आदिनाथने दाबले. मग पुन्हा त्यांनी, मग पंकजाने, मग पुन्हा आदिनाथने. गाडी आली, तिच्यातल्या माणसांनी यंत्र लावले, सुई टोचली, दाबतच त्याला नेले. दुपारी रामहरी परत आला तो पांढऱ्या कापडात.

त्यानंतरची कथा वस्तीने आपल्या परीने रचली. लेक तडफडत होता आणि आई सुनेचे केस धरून उभी होती. "आई म्हनं आई!" राहीबाई पाण्याच्या टाकीवर सांगत. "आगं, कुत्रीसुदिक पिलासाटी झेप घेती. हिनं बांबूनं ढोसलं पोटच्या पोराला, ढोरावानी." मनकर्णाबाई घागर भरून निघून जात. पंकजाही त्यांच्याशी बोलेना. ओढलेल्या केसांची कळ डोक्यात राहिली होती. आणि तिच्याखाली दुसरी एक कळ होती, जिच्याकडे बघायचे तिला धाडस नव्हते. सासू एक ना एक दिवस बोलेल, वायर कुठून आली हे कोणाला माहीत होते ते सांगेल, या धास्तीत ती रोज जागी होई. सासू बोललीच नाही.

शेवटी पंकजालाच राहवेना. दोघी चुलीपुढे बसल्या असता ती म्हणाली, "आत्या, तुमी का सांगत न्हाई? मला ठावं हुतं. मी तवाच सांगितलं आसतं तर…"

मनकर्णाबाईंनी भाकरी उलटली. "तर डबी का पडती, ते मी आधी बघितलं आसतं. व्हय." त्यांनी चुलीत लाकूड पुढे सारले. "सांगून त्यो उठनार हाय का? लोकं मला बोलत्यात, माजं वय झालंय. तुला बोलली तर तू इहीर जवळ करशील. आन् ही पोर कुनी बघायची?" मग भाकरी तिच्या ताटात टाकून म्हणाल्या, "गिळ आता. गार व्हती."

त्यांनी क्षमा केली असे म्हणता येणार नाही. त्या शब्दाचा उच्चार त्या घरात कधी झाला नाही. रात्री कधी कधी त्या अंधारात उठून बसत आणि स्वतःच्या तळहातांकडे पाहत, हे पंकजाने अनेकदा पाहिले. आणि अशा वेळी आपण झोपलो आहोत असे ती दाखवी. पेटीतली वायर त्यांनी वायरमनकडून काढून घेतली. यंत्र विकले नाही. दुरुस्त करून, अर्थिंग घालून, डबीवरच जोडून घेतले. पहिल्या दिवशी बटण त्यांनी स्वतः दाबले. खटका पडला नाही. त्या आत जाऊन निजल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

चार-पाच वर्षांनी, थंडीत, छातीत कफ साठून मनकर्णाबाई गेल्या. नदीकाठी दशक्रिया झाली. गावोगावचे पाहुणे आले. प्रवचन संपल्यावर रीतीप्रमाणे चार प्रतिष्ठितांनी श्रद्धांजली वाहिली. कष्टाळू होत्या, देवभोळ्या होत्या, असे बोलले गेले. वस्तुतः त्या देवभोळ्या मुळीच नव्हत्या. बायका कडेला बसल्या होत्या. त्यांच्यातून पंकजा उठली. बाईने तिथे बोलायचा प्रघात नाही. पण कोणी अडवले नाही.

"आमच्या आत्यांनी मला धरलं नसतं," ती म्हणाली, "तर त्या साली ह्याच घाटावर दोन पिंडं ठिवली आसती. आन् ती वायर कुठनं आली, हे मला ठावं हुतं. आत्यांना न्हवतं. मी सांगितलं न्हवतं."

राहीबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि मान खाली घातली. पंकजा बसली.

आज त्या घरात स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीला कोरडा बांबू आहे, त्याखाली पाट आहे. राहीबाईंच्या घरीही तसाच एक आहे. ज्ञानेश्वरी शाळेत जाते. मनकर्णाबाईंच्या मागे पंकजा राहिली आहे.