ऐच्छिक वर्गणी

निवृत्त पोस्टमास्तर शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचे चिटणीस. दिवाळी मेळाव्याच्या निमंत्रणपत्रात ते दरवर्षी 'वर्गणी ऐच्छिक, रुपये दोनशे' असं लिहीत आणि सभासद त्यातलं 'ऐच्छिक' तेवढं मनावर घेत.

यंदा मास्तरांचं डोकं फिरलं. त्यांनी पत्राच्या शेवटी एक ओळ वाढवली : 'वर्गणी न देणाऱ्यांनीही अगत्याने यावे, जेवण वाढण्याचे काम त्यांच्याकडे राहील.'

आठ दिवसांत झाडून सगळ्यांची वर्गणी आली. पावत्या फाडून मास्तरांचा हात भरून आला.

मेळाव्याला सगळे ताटं पुढ्यात घेऊन ऐटीत बसले. वाढायला मात्र कोणीच नाही!

मास्तरांच्या बायकोने पावतीपुस्तक शेवटपर्यंत चाळलं आणि नवऱ्याच्या हातात डाव दिला. "अहो, यात तुमची पावती कुठे दिसत नाही!"