निवाड्याचा सारांश आणि एक पंगत

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानाच्या वर माझं वकिलीचं ऑफिस आहे. दिवसभर गुळाचा वास येतो आणि अशिलांना उगाच वाटतं की इथे सगळं गोड होईल. पवनानगरच्या मावशींना मात्र तसा भ्रम नव्हता. आल्या आल्या निवाड्याचे कागद पुढे करून त्या म्हणाल्या, "ताई, इंग्रजी काय कळंना. मराठीत थोडक्यात लिवून द्या. बायकांना वाचून दावायचंय."

मावशी आणि त्यांच्या बचत गटातल्या बायका कुसगावच्या एका हॉटेलात कंत्राटावर स्वयंपाक करत होत्या. करार तीन वर्षांचा होता. पहिलं वर्ष संपायच्या आत मालकाने त्यांना एका सकाळी घरी पाठवलं. शिळं अन्न खाऊन पाहुणे आजारी पडले, असं त्याचं म्हणणं. हे खोऱ्यात पसरलं आणि गटाला मिळणाऱ्या लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरीही थांबल्या. प्रकरण लवादाकडे गेलं आणि लवाद म्हणून नेमलेल्या पुण्याच्या निवृत्त न्यायाधीशांनी आता निवाडा दिला होता.

आम्ही वकील निवाडा शेवटाकडून वाचतो. पैसे किती, व्याज किती, मग बाकीचं. ती सवय मोडून मी सारांश सरळ क्रमाने लिहिला. मावशींचा दावा: थकलेली बिलं आणि कराराच्या उरलेल्या मुदतीचा बुडालेला नफा. मालकाचा बचाव: अन्न खराब होतं, म्हणून करार तोडणं रास्त. शिवाय हॉटेलची अब्रू गेली म्हणून त्याचा उलट दावा. निष्कर्ष: अन्न खराब असल्याचा पुरावा नाही. डॉक्टरांचा दाखला नाही, तपासणी नाही, आणि ते पाहुणे त्या दिवशी बाहेर जेवले होते, हे मालकाच्याच साक्षीदाराने उलटतपासात कबूल केलं. त्यामुळे उलट दावा फेटाळला. बिलं पूर्ण मंजूर. नफा मात्र एकाच महिन्याचा, कारण महिन्याची नोटीस देऊन करार संपवायची मुभा करारातच होती. मालकाने ती नोटीस दिली नाही, एवढीच भरपाई.

व्याजाला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दर नऊ टक्के, सरळ व्याज. बिलांवर ते प्रत्येक बिलाच्या देय तारखेपासून, भरपाईवर मात्र लवादाची नोटीस मालकाला मिळाली त्या दिवसापासून, दोन्ही निवाड्याच्या तारखेपर्यंत. तिथून पुढे हे सगळं मिळून झालेल्या रकमेवर, पैसे हातात पडेपर्यंत. प्रत्येक बिलाचा वेगळा हिशेब मांडला. चांगली रक्कम झाली आणि मी स्वतःवर खूश झाले.

मावशींनी व्याजाचं पान बघितलंही नाही. "अन्न खराब न्हवतं, ह्ये लिवलंय न्हवं? मंग ह्येच देवळात वाचते."

मला सांगावं लागलं की ते चालणार नाही. लवादाचं कामकाज कायद्याने दोन्ही बाजूंनी गुप्त ठेवायचं असतं. वसुलीसाठी लागेल तेवढाच निवाडा उघड करायचा, देवळात वाचायचा नाही.

मावशींचा चेहरा पडला. "चोर म्हणताना समद्या खोऱ्यात म्हणायचं आन् सुटले की गुपचूप? मंग ह्यो कागूद काय चुलीत घालू?"

कायद्याचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

त्याच आठवड्यात मालकाच्या वकिलांचा फोन आला. व्याज सोडलंत तर बाकीची रक्कम लगेच देतो, निवाड्याला कोर्टात आव्हानही देणार नाही. मी मावशींना स्पष्ट सांगितलं, व्याज तुमच्या हक्काचं आहे, सोडू नका. त्यांनी व्याजाचं पान माझ्याकडे परत सरकवलं.

"सोडते व्याज," त्या म्हणाल्या. "पर मालकानं आमच्या गावात यायचं. आमी रांधू, त्यानं पंगतीत बसून जेवायचं. समद्यांदेखत. बोलायचं काय बी न्हाई."

मी आधी हुज्जत घातली. मग कळलं, हिशेब त्यांचाच बरोबर होता. ती अट मी तडजोडपत्रात घातली तेव्हा समोरचे वकील हसले, पण मालकाने सही केली. व्याज खरंच मोठं होतं.

ठरल्या दिवशी देवळापुढे पंगत बसली. मालक मध्ये, मी त्याच्या शेजारी. पिठलं, भाकरी, वांग्याची भाजी, इंद्रायणी तांदळाचा भात. कोणी निवाड्याचा शब्द काढला नाही. सगळं गाव त्याच्या हाताकडे बघत होतं. त्याने पहिला घास घेतला तेव्हा वाढणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या होत्या.

त्याने ताट रिकामं केलं. मावशी भाताचं पातेलं घेऊन त्याच्यासमोर वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आनखी वाढू, सायेब?"

तो खाली मान घालून म्हणाला, "वाढा."

मावशींनी वाढलं. मग न विचारता थोडा भात माझ्याही ताटात घातला.