सेम पहिल्यासारखाच

माझं फोटोचं दुकान नया नगरच्या तोंडाशी आहे. एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘सेम पहिल्यासारखाच.’

पहिला कुठला? फोन बदलला तेव्हा जुने मेसेज सगळे गेले होते आणि नंबर कोणाचा तेही कळेना. शाळेतली मुलगी, म्हणजे पांढरं बॅकग्राउंड आणि पासपोर्ट साइज, असं वाटलं. पण अंदाजाने काम उरकणाऱ्यांची मला चीड आहे. मी लिहिलं, ‘नमस्कार, तुमचा आधीचा फोटो आता माझ्याकडे नाही. त्यात काय केलं होतं ते आठवत नाही. पाठवता का?’

बऱ्याच वेळाने भिंतीवरच्या एका फ्रेमचा फोटो आला. पाहताच ओळखला, माझंच काम होतं. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या एका गृहस्थांची बायको, गळ्यात चंदनाचा हार, खाली ‘कै. सौ.’ आणि तिचं नाव.

मग एक ओळ आली. ‘सगळं असंच. फक्त सौ.च्या जागी कु. करा, आणि नाव मुलीचं.’

‘सेम’ लिहून त्या बापाला एवढंच लिहायचं टाळायचं होतं.