थांबाताईंचं टेबल आणि दुसरा फोन नंबर

नोटरी वकिलांच्या ऑफिसात दाराशीच एक टेबल आहे. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे थांबाताई म्हणतात. आत शिरणाऱ्याला त्या आधी "थांबा" म्हणतात, मग वर बघतात. सव्वीस वर्षं त्या तिथे लोकांची कागदपत्रं टाइप करताहेत. दोऱ्याला बांधलेलं भिंग गळ्यात आणि चहा कायम गार.

मला कोणी थांबवलेलं खपत नाही, त्यामुळे पहिल्या भेटीतच आमचं वाजलं.

सुनेच्या बहिणीचं परदेशात मोठं ऑपरेशन होतं आणि तिथे तिचं दुसरं कोणी नव्हतं. सून त्याच दिवशी संध्याकाळी निघणार होती, सोबत पाच वर्षांची नात. नातीला माझ्याकडे ठेवलं असतं, पण माझा नवा गुडघा जिन्याशी अजून कट्टी करून होता. मुलाची शिफ्ट दुपारची आणि रजा नामंजूर. मूल एकट्या आईबरोबर देशाबाहेर जाणार, म्हणून बापाचं संमतीपत्र हवं. हे तिकिटवाल्याने आम्हाला आदल्या दिवशी सांगितलं. धन्य!

मुलाने रात्रीच पत्र लिहून झोकात सही ठोकली होती. सकाळी मुलगा आणि सून बरोबर होते; मी ते टेबलावर ठेवलं. "शिक्का तेवढा मारून द्या."

"थांबा. ही सही कुठे केली?"

"घरी," मुलगा म्हणाला.

"मग वकीलसाहेबांनी काय बघून शिक्का मारायचा? सही त्यांच्यासमोर व्हायला हवी, ओळखपत्र दाखवून. नवीन करू."

"अहो बाई, हा माझा पोटचा मुलगा आहे, मी सांगते ना!" मी म्हणाले.

"आजी, तुमचं आतड्याचं नातं मला पटलं. विमानतळावर कागद बघतात."

सून फस्सकन हसली. मी तिच्याकडे बघितलं, तर ती पासपोर्ट चाळू लागली.

थांबाताईंनी पत्र नव्याने टाइप केलं. नातीचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, जन्मतारीख, आई-बापाची नावं, तिघांचे पासपोर्ट नंबर, जाण्या-येण्याच्या तारखा, तिकडे राहणार तो पत्ता. प्रत्येक नंबर त्यांनी भिंगातून उलटा वाचला, शेवटच्या आकड्यापासून. सरळ वाचलं की डोळा अंदाजाने पुढे पळतो, म्हणाल्या. सुनेच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, नातीच्या पासपोर्टवर आमचं. ते बघून त्यांनी जन्मदाखल्याची प्रत मागितली. "आई हीच, हे कळायला नको?"

मग मुलाला विचारलं, "विमानाच्या वेळी तुम्ही कुठे असाल?"

"कारखान्यात."

"मोबाइल?"

"लॉकरमध्ये. आत न्यायला बंदी आहे."

"मग हा नंबर काय शोभेला लिहिलाय?"

ताईंनी सुपरवायझरच्या केबिनचा नंबर घेतला आणि मोबाइलच्या खाली टाइप केला. "फोन करतीलच असं नाही. पण केला आणि नुसती रिंग वाजत राहिली, तर हा शिक्का काय बोलणार आहे? एका बाईचं विमान तसंच गेलं. पत्र मीच केलं होतं." एवढं बोलून त्यांनी गार चहा एका घोटात संपवला.

मुलाने वकिलांसमोर सही केली, रजिस्टरात केली, शिक्का बसला. मी घड्याळ दाखवत होते, त्या प्रती टाचत होत्या.

संध्याकाळी मी विमानतळाच्या कठड्याशी उभी होते. दोघी आत गेल्या आणि पाऊण तास काही कळेना. सुनेचा फोन बंद. गुडघा ठणकायला लागला. खुर्ची रिकामी होती, पण मला बसवेना. मग फोन वाजला.

"आई, झालं! पासपोर्टवर शिक्का मिळाला!" सुनेचा आवाज रडका आणि हसरा, दोन्ही. "काउंटरवरच्या साहेबांनी पत्र वाचलं, ह्यांच्या मोबाइलवर फोन लावला. कोणी उचलेना. मग त्यांनी खालचा नंबर लावला. ह्यांना मशीनवरून पळवत आणलं. लेकीची जन्मतारीख विचारली, परत कधी येणार विचारलं. ह्यांनी धापा टाकत सांगितलं."

"बरोबर सांगितलं का?"

"जन्मतारीख सांगितली, आई! लग्नाची विचारली असती तर आम्ही घरी आलो असतो."

मी एवढ्या मोठ्याने हसले की शेजारचा ड्रायव्हर दचकला. मग बसले एकदाची खुर्चीवर आणि गुडघ्याला म्हटलं, ठणक आता हवं तेवढं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून थांबाताईंकडे गेले. झालेलं सांगितलं. आभार मानायची मला सवय नाही, ते जरा अडखळतच झालं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "खालचा नंबर लावला?"

"खालचाच."

"उचलला?"

"दुसऱ्या रिंगला."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. सव्वीस वर्षांत तशा कधी टेकल्या असतील की नाही, कोण जाणे. तेवढ्यात एक गृहस्थ सही केलेला कागद नाचवत आत घुसले.

"थांबा!" म्हटलं. मी.

ताईंनी मला स्टूल पुढे केलं आणि गरम चहा सांगितला.